एव्हरेस्टवरचा जुना डेटा जीपीएसशी जुळत नाही: दीडशे मीटर काढल्यावरही उरणारे पाच-दहा मीटर

सांगली-साताऱ्यात जीआयएसचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. जुना लेयर उघडला, त्यावर आजचे जीपीएस पॉइंट टाकले, की विहीर कॅनॉलच्या पलीकडे आणि बंधारा नदीच्या काठावर. बहुतेकांना एवढं माहीत असतं की जुनी टोपोशीट एव्हरेस्टवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. मग कुणाकडून तरी मिळालेली पॅरामीटर्स टाकली जातात आणि मोठा फरक जातो. पण लेयर तरीही पाच, सात, दहा मीटर बाजूला राहतो. इथे अनेक जण थांबतात आणि माउसने लेयर ओढून जुळवतात. तालुका बदलला की फरक परत येतो.

ही पोस्ट त्या उरलेल्या मीटरांबद्दल आहे. द्राक्षबागेच्या पट्ट्यात दहा मीटर म्हणजे शेजाऱ्याची विहीर आपल्या नकाशात आली. पाणीवाटपाच्या यादीत ती चुकीच्या नावावर चढली की निस्तरायला वर्ष जातं. म्हणून हे नीट काढायला हवं, आणि ते निघतं.

फरक मुळात किती आणि कोणत्या दिशेला

एव्हरेस्ट एलिप्सॉइड १८३० सालचा. भारतीय उपखंडाच्या आकाराला जवळचा बसेल असा तो ठरवला आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या स्टेशनला टांगला. त्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने भारत-नेपाळसाठी प्रसिद्ध केलेले आकडे एक्स २९५, वाय ७३६, झेड २५७ मीटर असे आहेत. तिन्ही एकत्र धरले तर दोन केंद्रांत सुमारे ८३४ मीटर अंतर पडतं. आता हे आकडे जमिनीवरचे पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण नाहीत, पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या तीन अक्षांवरचे आहेत. जमिनीवर त्यांचा परिणाम किती, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. पुढचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

तासगाव ज्यात येतं ते टोपोशीट ४७ के/१२. त्याचा वायव्य कोपरा ७४°३०′ पूर्व, १७°१५′ उत्तर. हा कोपरा डब्ल्यूजीएसमध्ये कुठे जातो ते पाहा:

```
echo "74.5 17.25" | cs2cs -f "%.5f" \
 +proj=longlat +ellps=evrst56 +towgs84=295,736,257 \
 +to +proj=longlat +datum=WGS84
```

उत्तर 74.49918 आणि 17.25104 येतं. तिसरा आकडा उंचीचा आहे, तो सोडून द्या. म्हणजे कोपरा पश्चिमेला सुमारे ८८ मीटर आणि उत्तरेला सुमारे ११५ मीटर सरकला, एकूण १४५ मीटर. रूपांतर न करता एव्हरेस्टचे अक्षांश-रेखांश तसेच डब्ल्यूजीएस म्हणून टाकले, तर लेयर खऱ्या जागेच्या आग्नेयेला १४५ मीटर दिसतो. टोपोशीट जिओरेफरन्स करताना कोपऱ्यांचे आकडे `EPSG:4326` मध्ये टाइप केले की हेच होतं, आणि आपल्याकडे फिरणाऱ्या कितीतरी शेपफाइल अशाच तयार झाल्या आहेत.

उलट, लेयर आधीच डब्ल्यूजीएसमध्ये असताना कुणी त्याला एव्हरेस्ट समजून रूपांतर केलं, तर तो तेवढाच वायव्येला जातो. १४० ते १५० मीटरचा फरक दिसला की आधी दिशा बघा. आग्नेय असेल तर रूपांतर झालेलंच नाही. वायव्य असेल तर ते नको तिथे झालं आहे.

आधी बाण काढा

उरलेल्या मीटरांचं कारण फरकाच्या आकड्यापेक्षा दिशेवरून लवकर कळतं. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी पाच-सात ठिकाणी जुनी जागा आणि खरी जागा जोडणारे बाण काढायचे. प्रत्येक बाणाचे पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती, असे दोन आकडे लिहून ठेवायचे.

खरी जागा म्हणजे उपग्रहचित्रातली जागा नव्हे. ऑनलाइन दिसणारी चित्रं स्वतःच काही मीटर सरकलेली असू शकतात, आणि शेजारच्या दोन चित्रांच्या सांध्यावर रस्ता तुटलेला दिसला की ते लक्षात येतं. आपण पाच-सात मीटर शोधतोय, तेव्हा मोजपट्टी त्याहून बारीक हवी. सर्वे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्याला जोडलेला आरटीके रोव्हर असेल तर उत्तमच. मोबाइलचा जीपीएस स्वतःच चार-पाच मीटर हलतो, त्याच्यावर हे काम होत नाही.

पॉइंट निवडताना जुन्या लेयरमध्ये आणि आज जमिनीवर तीच वस्तू आहे याची खात्री हवी. कॅनॉलचं आउटलेट, जुन्या दगडी पुलाचं टोक, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची दोन टोकं, बांधीव विहिरीचं मध्य, हे चांगले पॉइंट. नदीचा काठ अजिबात नको. कृष्णेचे आणि येरळेचे काठ २००५ आणि २०१९ सारख्या पुरांनी खाल्लेले आहेत. मिरज-पुणे रेल्वेही जपून वापरा. मीटरगेजची ब्रॉडगेज होताना मार्ग काही ठिकाणी बदलला, त्यामुळे जुन्या टोपोशीटवरची रेषा आजच्या रुळांवर बसलीच पाहिजे असं नाही. टोपोशीटवरचं देवळाचं चिन्हही सोडून द्या, कारण चिन्ह वाचता यावं म्हणून ते थोडं बाजूला छापलेलं असू शकतं.

बाण एकाच दिशेचे आणि जवळजवळ सारख्या लांबीचे आले तर दुखणं डेटमचं किंवा ग्रिडचं आहे, पुढे वाचा. एक उत्तरेला, दुसरा पूर्वेला, तिसरा नैर्ऋत्येला असे आले तर ते डिजिटायझेशनचं किंवा ताणलेल्या स्कॅनचं दुखणं. त्यावर कोणतंही पॅरामीटर चालत नाही, शीट नव्याने जिओरेफरन्स करावं लागतं.

सगळे बाण दक्षिणेकडे, सात-साडेसात मीटर

म्हणजे लेयर खऱ्या जागेच्या उत्तरेला बसलाय आणि पूर्व-पश्चिम फरक जवळपास नाही. आपल्याकडे हा प्रकार सगळ्यात जास्त भेटतो आणि सगळ्यात कमी ओळखला जातो.

एव्हरेस्ट एलिप्सॉइड एकच नाही. फुटाचा मीटर करताना वेगवेगळ्या काळी वेगवेगळे गुणक वापरले गेले, त्यामुळे त्याची दीर्घ अर्धाक्ष लांबी वेगवेगळी नोंदली गेली. `evrst30` नावाखाली ती 6377276.345 मीटर आहे, `evrst56` खाली 6377301.243, आणि कल्याणपूर १९७५ च्या व्याख्येत 6377299.151. पहिल्या दोघांत जवळजवळ २५ मीटरचा फरक आहे.

डेटा अक्षांश-रेखांशात असेल तर या २५ मीटरांनी काही बिघडत नाही, परिणाम काही सेंटिमीटरांचा असतो. पण डेटा यूटीएममध्ये असेल तर चित्र पालटतं. यूटीएमचं नॉर्दिंग विषुववृत्तापासून मोजलेलं असतं. तासगावला ते सुमारे १८ लाख ९० हजार मीटर आहे. अर्धाक्षातला फरक दहा लाखाला ३.९ इतका, म्हणून १८.९ लाखांवर तो ७.४ मीटर होतो. साताऱ्याला साधारण ७.६. ईस्टिंग मात्र ७५° या मध्य रेखावृत्तापासून मोजलं जातं, आणि आपण त्याच्या अगदी जवळ आहोत. त्यामुळे तिकडे फरक काही सेंटिमीटर, फार तर अर्धा मीटर.

म्हणून `evrst56` ने बनवलेला यूटीएम लेयर `evrst30` ने वाचला की तो सरळ उत्तरेला साडेसात मीटर सरकतो, आणि उलट केलं तर दक्षिणेला. इंटरनेटवरून उचललेल्या बहुतेक कस्टम प्रोजेक्शनच्या ओळीत `evrst30` असतं, कारण सालाशी ते जुळतं: एव्हरेस्ट १८३०, म्हणून तीस.

तपासायचं कसं? लेयरसोबतची `.prj` फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि `SPHEROID` ची ओळ वाचा. उदाहरणार्थ:

```
SPHEROID["Everest_Definition_1975",6377299.151,300.8017255]
```

नावावर जाऊ नका, आकडा वाचा. `.prj` नसेल तर दोन्ही एलिप्सॉइडनी लेयर उघडून बघा. ज्यात उत्तर-दक्षिण फरक गळून पडतो तो खरा.

सगळे बाण पश्चिमेकडे, दहा मीटरच्या आसपास

इथे पॅरामीटर्सच दुसऱ्या प्रदेशाची असण्याची शक्यता मोठी. बांगलादेशसाठी प्रसिद्ध केलेले आकडे २८२, ७२६, २५४ आहेत. सॉफ्टवेअरच्या यादीत ‘इंडियन’ नावाने सुरू होणाऱ्या पाच-सहा नोंदी असतात, आणि वरची पहिली निवडली जाते. हे आकडे तासगावला वापरले तर लेयर भारत-नेपाळच्या आकड्यांपेक्षा पूर्वेला ९.९ मीटर आणि उत्तरेला १ मीटर बसतो. म्हणजे जवळपास निव्वळ पूर्व-पश्चिम फरक. इलाज साधा आहे, २९५, ७३६, २५७ घाला.

डेटा जुन्या लॅम्बर्ट ग्रिडमध्ये असेल तर

धरणं आणि कॅनॉल यांच्या जुन्या प्रकल्पांच्या याद्यांमध्ये कधीकधी इंडिया झोन IIIa चे आकडे सापडतात. मीटरमधलं ईस्टिंग एकवीस लाखांच्या पुढे दिसलं की समजावं. या ग्रिडचा मूळ बिंदू १९° उत्तर, ८०° पूर्व, आणि तिथे गृहीत धरलेलं ईस्टिंग २७,४३,१९५.५ मीटर. हा आकडा असा अडनिडा का? कारण ग्रिड मुळात यार्डातलं. ३० लाख भारतीय यार्ड गुणिले ०.९१४३९८५ म्हणजे बरोबर २७,४३,१९५.५.

आपण रोज वापरतो तो यार्ड ०.९१४४ मीटरचा. यादी यार्डात असेल आणि कुणी एक्सेलमध्ये ०.९१४४ ने गुणून मग झोन IIIa म्हणून टाकली असेल, तर सांगलीजवळ प्रत्येक पॉइंट साडेतीन मीटर पूर्वेला आणि एक मीटर उत्तरेला जातो. गुणकात पाचव्या दशांश स्थळानंतर फरक आहे, पण तो तेवीस लाखांहून जास्त यार्डांना गुणला जातो. बाण पश्चिमेकडे साडेतीन मीटर आणि थोडे दक्षिणेला झुकलेले आले, तर यादी मूळ यार्डातून कशी बदलली ते शोधा. मीटरमधल्या यादीला क्यूजीआयएसमध्ये `EPSG:24381` चालतं.

सपाट सरकवणं का चालत नाही

कॅम्पच्या कामात दहा वेळा ऐकलेलं वाक्य: “सर, एवढ्यानं लेयर हलवला की बसतोय ओ.” बसतो, पण तिथेच. वरची पॅरामीटर्स घेऊन महाबळेश्वर आणि जत दोन्ही ठिकाणी हिशेब करा. महाबळेश्वरला पश्चिमेचं सरकणं ७६ मीटर आणि उत्तरेचं १०९ येतं. जतला पश्चिमेचं ९७ किंवा ९८ आणि उत्तरेचं ११८. महाबळेश्वरला जुळवलेला सपाट आकडा जतला वापरला तर लेयर जवळपास २३ मीटर चुकतो.

एका टोपोशीटच्या आतही, म्हणजे पंधरा मिनिटांच्या रुंदीत, पूर्व-पश्चिम फरक साडेतीन मीटरनं बदलतो. शीटच्या मध्यावर जुळवलं तर कडांना पावणेदोन मीटर उरतात. एका गावाच्या कामाला हे चालून जाईल. पण तालुक्याचा लेयर सपाट सरकवून जुळवला असेल, तर त्याच्या पूर्व आणि पश्चिम कडांचे बाण वेगवेगळ्या लांबीचे येतात. ज्या लेयरमध्ये बाणाची लांबी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हळूहळू वाढत जाते, त्याला आधी कुणीतरी असं हलवलेलं असतं. त्यावर नवी दुरुस्ती चढवू नका. मूळ फाइल मिळवा. ती नसेलच, तर किती हलवलं होतं ते शोधून आधी तेवढं परत आणा.

सरकवायचं ते तीन अक्षांवर, एक्स-वाय-झेडमध्ये. मग जागेप्रमाणे बदलणारा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः करतं.

तासगावचा लेयर, आकड्यांसकट

तासगाव तालुक्यातल्या एका शाखा कालव्यावरच्या आउटलेट आणि विहिरींचा जुना लेयर. यूटीएम झोन ४३, सोबत `.prj` नाही, फक्त फोल्डरच्या नावात ‘एव्हरेस्ट’. क्यूजीआयएसमध्ये तो `+ellps=evrst30` आणि २९५, ७३६, २५७ ने उघडला जात होता. आरटीकेने मोजलेल्या पॉइंटशी ताडल्यावर सरासरी बाण पूर्वेला ५ मीटर आणि दक्षिणेला १३.४ मीटर आला. सगळे बाण एकाच दिशेचे होते.

दक्षिणेचा भाग एवढा मोठा, त्यामुळे पहिला संशय एलिप्सॉइडवर. `evrst56` टाकलं आणि ७.४ मीटर गेले. मग पाच पॉइंटवर उरलेलं असं होतं: पूर्वेला ४.१, ५.८, ५.३, ४.६, ५.२ आणि दक्षिणेला ६.९, ५.२, ६.४, ५.७, ५.८. सरासरी पूर्वेला ५.०, दक्षिणेला ६.०. पाचही आकडे सरासरीच्या एक मीटरच्या आत आहेत, हे महत्त्वाचं. हा फरक आता पॉइंटचा नाही, पॅरामीटर्सचा आहे.

प्रसिद्ध आकडे चुकीचे आहेत असा याचा अर्थ नाही. ते अख्ख्या भारत आणि नेपाळसाठी सात स्टेशनांवरून काढलेले सरासरी आकडे आहेत. त्यांच्यासोबतच एक्सला ±१२, वायला ±१० आणि झेडला ±१५ मीटर अशी अनिश्चितता छापलेली आहे. कल्याणपूरहून शेकडो किलोमीटर साखळीने आलेल्या जुन्या त्रिकोणमापनात प्रत्येक भागाचा स्वतःचा थोडा ताण आहे, आणि एक सरासरी तो सगळीकडे सारखा भरून काढू शकत नाही. तालुक्यापुरते आकडे आपल्यालाच काढावे लागतात.

जमिनीवरचा पूर्व-उत्तर फरक तीन अक्षांवर असा वाटायचा. `e` म्हणजे पूर्वेकडे किती हलवायचं, `n` म्हणजे उत्तरेकडे किती, दक्षिणेकडे असेल तर उणे:

```
ΔX = -e·sinλ - n·sinφ·cosλ
ΔY =  e·cosλ - n·sinφ·sinλ
ΔZ =  n·cosφ
```

इथे अक्षांश १७.१°, रेखांश ७४.६°, `e` = 5, `n` = −6. सूत्रात घातलं की एक्स −४.३५, वाय +३.०३, झेड −५.७३ येतात. मूळ आकड्यांत मिळवले की नवे आकडे २९०.६५, ७३९.०३, २५१.२७. तिन्ही बदल प्रसिद्ध अनिश्चिततेच्या आत बसतात का, हे इथे नक्की तपासायचं. एखादा बदल वीस-पंचवीस मीटरचा निघाला, तर कुठेतरी वरच्यापैकी एक कारण अजून लपलेलं आहे आणि आपण ते पॅरामीटर्समध्ये गाडतोय. `evrst30` तसंच ठेवून १३.४ मीटर झेडमध्ये ढकलले असते, तर सूत्राने तेही जुळवून दिलं असतं. पण मग त्याच पॅरामीटर्सनी त्याच शीटमधला अक्षांश-रेखांशातला लेयर साडेसात मीटर दक्षिणेला गेला असता. कारण दोन असतील तर दुरुस्त्याही दोन हव्यात, आणि त्या याच क्रमाने.

शेवटी मूळ फाइलला हात न लावता नवी फाइल काढायची:

```
ogr2ogr -s_srs "+proj=utm +zone=43 +ellps=evrst56 \
+towgs84=290.65,739.03,251.27 +units=m +no_defs" \
-t_srs EPSG:32643 outlet_wgs.gpkg outlet_juna.shp
```

हिशेबात न घेतलेले दोन आउटलेट आधीच राखून ठेवले होते. नव्या फाइलमध्ये त्यांचा फरक १.३ आणि ०.९ मीटर आला. असे राखीव पॉइंट हवेतच. ज्या पॉइंटवरून आकडे काढले त्यांच्यावरच तपासलं तर उत्तर नेहमी चांगलंच येणार.

क्यूजीआयएसमध्ये इथे घसरतं

`Set Layer CRS` ने डेटा हलत नाही, फक्त त्याच्यावरची पाटी बदलते. पाटी खोटी असेल तर ती सुधारायला हे वापरा. डेटा एव्हरेस्टहून डब्ल्यूजीएसवर खरोखर न्यायचा असेल, तर आधी खरी पाटी लावा आणि मग `Reproject Layer` किंवा `Save Features As`. एव्हरेस्टच्या लेयरला थेट `EPSG:32643` ची पाटी लावणं ही सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे.

दुसरी जागा कस्टम प्रोजेक्शनची. ओळीत `+ellps` आहे पण `+towgs84` नाही, अशा वेळी नवी आवृत्ती अंदाजी रूपांतर करते. त्याच्या नावात `Ballpark` शब्द दिसतो. त्यात डेटमचा फरक धरलेलाच नसतो आणि लेयर पुन्हा सव्वाशे-दीडशे मीटर बाजूला जातो. `Project Properties` मधला `Transformations` टॅब उघडून तिथे नेमकं काय निवडलं गेलंय ते वाचत जा. तयार `EPSG:24343` निवडलं तरीही तिथे नजर टाका. त्यात अर्धाक्ष १९७५ च्या व्याख्येचा असतो, त्यामुळे `evrst56` च्या डेटाशी उत्तर-दक्षिण अर्ध्या-पाऊण मीटरचा फरक राहतो. आपल्या बहुतेक कामांना तो चालतो.

दुरुस्त फाइलसोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: मूळ फाइल कोणती, एलिप्सॉइडचा आकडा, तीन पॅरामीटर्स, कोणत्या तालुक्यासाठी. ही नोंद नसली की पुढचा माणूस तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा चढवतो.

याच्या पलीकडे काय होत नाही

१:५०,००० च्या छापील शीटवर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. अशा शीटवरून डिजिटाइझ केलेल्या एका विहिरीची जागा मीटरमध्ये सुधारता येत नाही, कितीही चांगली पॅरामीटर्स असली तरी. वीस-पंचवीस पॉइंटची सरासरी घेऊन लेयरचा एकूण कल काढता येतो, एवढंच. वरचा तासगावचा लेयर जमिनीवर मोजलेला होता, म्हणून तिथे एक मीटरपर्यंत जाता आलं. आपला लेयर कोणत्या प्रकारचा आहे हे बाणांच्या विखुरण्यावरून कळतं. बाण सरासरीपासून दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे असतील तर तो शीटवरून काढलेला आहे, आणि त्यातून पाच मीटरची दुरुस्ती शोधू नका.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची ओपन सिरीज शीट मुळातच डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत. त्यांचे नंबर आपल्या भागात `E43` ने सुरू होतात. त्यांना यातलं काहीही लावायचं नाही.

गटाचे गावनकाशे हे वेगळंच प्रकरण आहे. ते साखळीने मोजलेले, त्यांना अक्षांश-रेखांशच नाहीत, म्हणून त्यांना डेटमही नाही. गटाची हद्द उपग्रहचित्रावर बारा मीटर चुकते म्हणून कुणी वरचे आकडे त्यावर टाकले, तर तो योगायोगाने एका गटाला बसेल आणि शेजारच्याला बिघडवेल. तिथे गावाच्या शिवेवरचे दगड आणि तिगडे आरटीकेने मोजून, त्या पॉइंटवर नकाशा बसवावा लागतो.